झाकणाखालचा पिकअप

अलिबागच्या आमच्या ऑर्केस्ट्रासाठी मुंबईहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार येणार होती. आधी तिचा फोटो आला. ऑर्केस्ट्राचे मास्तर म्हणाले, "जो हा फोटो बरोबर वाचेल, तोच गिटार वाजवील."

मी परदेशी मासिकं चाळलेला विद्वान. "फळीसारखं सपाट अंग, खाच एकाच बाजूला. टेलिकास्टर मॉडेल!" मी ठणकावलं. ते बरोबर होतं. तिथंच थांबावं ना! "तारांचा आवाज पकडणारा पिकअप एकच, मानेजवळचा. खाली तारा टेकतात त्या ब्रिजवर नुसतं चकचकीत झाकण आहे."

आमचा बँजोवाला कोळी फोटोवर वाकला. "दादा, पिकअप एकच हाय, तर नॉबांच्या पट्टीवर ह्यो अदलाबदलीचा खटका कशाला? दुसरा झाकणाखाली असंल."

"शोभेला असतो रे खटका," मी म्हणालो. शोभेला!

गिटार आली. कोळ्यानं दोन बोटांनी झाकण उचकटलं. खाली दुसरा पिकअप ऐटीत तिरपा बसला होता.

गिटार त्याला मिळाली, मला खुळखुळे. झाकण मास्तरांनी विडीची राख झाडायला ठेवलं. दर तालमीला ते माझ्यापुढे सरकवून म्हणत, "विद्वान, खाली काही आहे का, बघा जरा."