उधाणात गेलेलं मीठ

साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकताच ऑडिटर झालो होतो आणि पनवेलच्या खाडीकाठी मिठागरं असलेल्या एका छोट्या कंपनीचे हिशेब तपासत होतो. वर्ष मार्चअखेर संपलं होतं. एकतीस तारखेला मिठाच्या राशी मी स्वतः उभा राहून मोजून घेतल्या होत्या. मे महिन्यात मोठं उधाण आलं, बांध फुटला आणि निम्मं मीठ खाडीत गेलं.

जुलैत ताळेबंदावर सह्या व्हायच्या होत्या. कंपनीचे मालक मिठागरातच वाढलेले, बोलायला रोखठोक. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"मीठ गेलं तो तोटा याच वरसात धरा. नफा उरत नाय, म्हंजे बोनसही नाय."

"मार्चअखेर मीठ जागेवर होतं, शेठ. ते मेमध्ये गेलं. तोटा पुढच्या वर्षाचा."

"बांधाला तडा मार्चातच व्हता."

"तडा असेल. पण मीठ तेव्हा शाबूत होतं. बाकीची मिठागरं चालू आहेत. धंदाच बंद पडणार असता तर गोष्ट वेगळी. संचालकांच्या अहवालात घटना आणि तोट्याचा आकडा लिहायचा, एवढंच."

दाराशी मुकादम उभा होता. मिठागरातल्या माणसांनी त्याला बोनसचं विचारायला पाठवलं होतं. त्याचा चेहरा उजळला. मला वाईट वाटलं, कारण माझं बोलणं अर्धंच झालं होतं.

मीठ घेणारा मुंबईचा एक व्यापारी जूनमध्ये कोर्टात दिवाळखोर ठरला होता. त्याच्याकडून यायची रक्कम मालकांनी मार्चअखेरच्या हिशेबात येणं म्हणून पूर्ण धरली होती. पण फायलीत त्याचंच फेब्रुवारीतलं पत्र होतं: दुकान बंद केलं आहे, देणं फेडता येणार नाही.

"ही रक्कम मात्र याच वर्षी बुडीत धरावी लागेल," मी म्हणालो.

मालक उठून उभे राहिले. "दिवाळा जूनात निघाला, तो मागं नेता. पानी मेत आलं, ते पुढं ढकलता. ह्यो कुठला न्याय? मंग पानीबी मागं न्या."

"जूनच्या निकालाने फक्त शिक्कामोर्तब झालं. माणूस बुडाला होता फेब्रुवारीतच. उधाणाचं तसं नाही."

मालक मला काढतील याची खात्री होती, आणि माझ्याकडे तेव्हा तीनच कंपन्या होत्या. मग मुकादमच हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे आमचा बोनस घटनार, साहेब?"

"घटेल. पण जाणार नाही."

मालकांनी ते पत्र पुन्हा वाचलं आणि सही केली. माझ्याकडे न बघता मुकादमाला म्हणाले, "गनपतीच्या आधी वाटून टाकू."

बोनस वाटला गेला. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा ऑडिटर नेमला. मला राग आला नाही. ते वर्ष घरखर्चाला मात्र जड गेलं.