संचिताच्या भिंगाखाली आईचा फोन

मालवणच्या बाजारपेठेत संचिताचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक पंखा आणि तिच्या वडिलांच्या काळातली घड्याळांची पाटी. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर घड्याळं आणणारं कोणी उरलं नाही. मग संचिता मोबाईलचं काम शिकली. वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग मात्र तिने टाकलं नाही.

माझा स्वभाव तापट. कोणाचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ जड होते. पण या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

माझी आई, राधाबाई, आचऱ्याला एकटी राहते. तिला कमी ऐकू येतं. फोन स्पीकरवर टाकला तरच तिला समोरच्याचं बोलणं कळतं. माझा भाऊ निलेश मालवाहू जहाजावर आहे. बंदर लागलं की तो फोन करतो. मागे लागोपाठ दोन वेळा आईने फोन उचलला आणि पडदा काळा झाला. स्पीकरचं बटण दिसेना. ती "हॅलो, हॅलो" ओरडत राहिली, निलेशने वैतागून फोन ठेवला. ठेवला की पडदा पुन्हा लख्ख!

"झील रागावलो काय गो माझ्यार? बोलना नाय," आई लेकाबद्दल मला विचारायची. तिच्या डोळ्यांत पाणी बघून माझाच संताप व्हायचा.

कणकवलीच्या एका दुकानदाराने डिस्प्ले गेला म्हणून सांगितलं. चार दिवस फोन ठेवून जा म्हणाला. चार दिवस कुठले? त्याच दिवशी चार वाजता निलेशचा फोन येणार होता. संध्याकाळी जहाज सुटलं की बावीस दिवस त्याचा आवाज नाही. मी आईला एसटीत बसवलं आणि मालवणला संचितापुढे नेऊन उभं केलं.

तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला, स्वतःच्या फोनवरून कॉल लावला आणि आईचा फोन उचलला. पडदा काळा. तिने कॉल तोडला. पडदा आला.

"डिस्प्ले बरो आसा," ती म्हणाली. "गेलेलो असतो तर आता दिसलो नसतो. काकी, वर कानाकडे एक सेन्सर असता. फोन कानाक लावलो की तो पडदो बंद करता, गालान बटणां दाबली जाव नयेत म्हणान. तुमच्या फोनाक वाटता, कान सारखो लावलेलोच आसा."

तिने भिंग लावलं. पडद्यावर संरक्षणासाठी चिकटवलेली वरची काच दुसऱ्याच मॉडेलची होती, सेन्सरच्या जागी छिद्रच नव्हतं. ती काच मीच कणकवलीत बसवून घेतली होती! काच काढून तिने पुन्हा कॉल लावला. तरीही काळा. मग ती हसली.

"काकी, हयसर कुंकू कोणी लायल्यान?"

आई गोरीमोरी झाली. निलेशने फोन पाठवला तो दसऱ्याला. आईने कोयता, विळी आणि फोन पाटावर मांडून पूजा केली होती. हळदकुंकवाचं बोट नेमकं वरच्या फटीवर. मी पुसलं ते वरवर, आणि त्यावरच काच बसवून घेतली. उरलेलं कुंकू दमट हवेत तिथेच बसून राहिलं.

"माझ्याच हातान झिलाचा तोंड बंद केलंय गो," आई पुटपुटली.

"पूजा चुकली नाय, काकी. जागा चुकली," संचिता म्हणाली. तिने पाण्याचा थेंबही लावला नाही, सुई घातली नाही. कोरड्या मऊ ब्रशने फट हळूहळू झाडली, मग सुती फडक्याने पुसली. कॉल लावला. पडदा उजळ. वर अंगठा ठेवला, काळा. उचलला, उजळ. मग योग्य छिद्राची काच बसवून तिने पुन्हा अंगठा ठेवून पाहिला. ही तिची रीतच आहे. अंगठ्याची परीक्षा झाल्याशिवाय ती फोन हातात देत नाही.

चार वाजता आम्ही तिथेच स्टुलावर बसलो होतो. फोन वाजला. आईने उचलला. पडदा जागा राहिला. तिने स्पीकर दाबला.

"आये, ऐकाक येता मां?"

"येता रे बाबा," आई म्हणाली. निलेश बोलत राहिला, काय जेवला, थंडी किती आहे, सगळं. मी रडले. संचिताने पंखा बंद केला, आईला नीट ऐकू यावं म्हणून. हे मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं.

या दसऱ्याला आईने फोनच्या पाठीवर कुंकू लावलं. मग पूजेचं तबक रुमालाने झाकून ती एसटीने मालवणला गेली आणि संचिताच्या त्या भिंगाच्या डबीवर कुंकवाचं दुसरं बोट टेकवून आली.