भाड्याचा कोट

कापडाला हात लावण्याआधी तानाबाई रोज दोन्ही हात राखेने घासून धुवायच्या. कापड फाटकं लुगडं असलं तरी.

धाकट्या मुलाच्या, गुलाबच्या लग्नाआधी त्या यवतमाळच्या बबनरावांच्या दुकानात गेल्या. नवा लोकरी कोट शिवायचा तर साठ रुपये. भाड्याने घेतला तर भाडं बारा, बाह्या आखूड करायचे तीन, धुलाईचे चार. अनामत चाळीस, कोट नीट परत आला की ती परत. ही अनामत त्यांनी चांदीच्या पाटल्या गहाण ठेवून भरली.

"एकोणिसात काम होते, मंग साठ कायले घालू?" म्हणत त्या हसल्या.

मांडवात कुणीतरी गमतीने नवरदेवाच्या छातीला हळदीचे हात पुसले. धुलाईचे चार वाचवावेत म्हणून तानाबाईंनी सोडा घालून, गरम पाण्यात कोट स्वतःच धुतला. सोड्याने हळद लालभडक झाली, गरम पाण्याने लोकर आटली.

बबनरावांनी कोट उलटापालटा करून पाहिला. "काकू, हे आता कोणाले घालू मी?"

अनामत गेली. भाडं, बाह्या आणि ती मिळून पंचावन्न झाले, आणि घरात कोट नव्हता. पाटल्या सुटल्याच नाहीत.

तेव्हापासून त्या दुसऱ्याच्या कपड्याला हात लावीनात. हात मात्र धूतच राहिल्या. शेवटच्या दुपारीही सूनबाईने अंगावर घालायला चादर आणली, तेव्हा त्या पुटपुटल्या, "थांब व बाई, आधी राख आन."