जोडणीचे अठराशे

ठिबक सिंचनाच्या दुकानात बिलं करायला लागून मला सहा वर्षं झाली होती, आणि आपल्या हातून चूक होतच नाही, असा माझा पक्का समज होता. दुकान अमरावतीत, पण गिऱ्हाईक चहूकडचं. अंजनगाव सुर्जीकडे झेंडू-शेवंती लावणाऱ्या एका काकूंचा एकदा फोन आला.

“पोरी, बिलात जोडणीचे अठराशे लावले तुमी. जोडणी तं आमच्या दिरानं केली. तुमचा मिस्त्री आलाच नाही.”

मी तक्रार वहीत उतरवली आणि तोंड आवरलं नाही. जोडणीच्या रकमेत मिस्त्रीचा वाटा असतो. मालकांना म्हणाले, “वाट्यासाठी त्यानंच काम झालं म्हणून सांगितलं असेल.” मालकांनी परतावा थांबवला, मिस्त्रीला बोलावलं. तेरा वर्षांचा जुना माणूस. तो म्हणाला, “मालक, या साली त्या वावरात मी पायसुद्धा नाही ठेवला.” मालकांनी ऐकून घेतलं नाही. शनिवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर सोमवारपासून येऊ नको, एवढंच म्हणाले.

गुरुवारी काकूंचा पुन्हा फोन. परतावा कुठं अडकला? मी सांगितलं, मिस्त्रीची चौकशी चालू आहे. त्या भडकल्याच.

“त्याची काहून? आलाच नाही तं त्याचा काय दोष? तुमचे कागद पाह्य ना व माय!”

मलाही राग आला. कागदच दाखवते यांना, म्हणून मी शेवटाकडून सुरुवात केली. परताव्याच्या नोंदीत एकच शेरा होता: मिस्त्रीच्या उत्तरासाठी थांबवला. मग पैसे कसे आले ते पाहिलं. काकूंच्या पुतण्याच्या मोबाइलवरून पूर्ण बिल एका झटक्यात थेट दुकानाच्या खात्यात जमा झालं होतं. म्हणजे मिस्त्रीच्या हातात दमडीही गेली नव्हती. त्याच्या वाट्याची वही काढली. त्या कामाचा वाटा त्यानं उचललाच नव्हता, मागितलाही नव्हता.

बिल पाहिलं. जोडणी, अठराशे, त्यावर कर. आता राहिली ऑर्डरची वही. काकूंची ऑर्डर मी फोनवर घेतली होती. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: नळ्या, एक फिल्टर, जोडणी घरीच करणार.

मग बिलात जोडणी आली कुठून? कॉम्प्युटरवर काकूंचं मागल्या वर्षीचं बिल उघडलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हा जोडणी आपल्या मिस्त्रीनं केली होती. नवीन बिल करताना मी जुन्याचीच नक्कल काढली होती; नळ्यांचे आकडे बदलले, तारीख बदलली आणि खालची ओळ तशीच राहू दिली. पुतण्यानं बिलाएवढेच पैसे भरले, म्हणून हिशोबही चोख जुळला. कोणाला शंका येणार कशी?

खोटं कशाला बोलू, घटकाभर वाटलं, गुपचूप परतावा पाठवून द्यावा आणि गप्प बसावं. पण मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसला होता, आपली अवजारं पिशवीत भरत. मी बिल आणि वही घेऊन मालकांपुढे गेले, त्यालाही आत बोलावलं.

“चूक माझी आहे. मिस्त्रीची नाही. आणि तुमच्या मनात संशयही मीच घातला.”

मालक माझ्यावर ओरडले, ओरडायलाच हवं होतं. अठराशे आणि त्यावरचा कर कमी केल्याचा कागद त्यांनी तिथल्या तिथं करायला लावला. पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात गेले. काकूंना फोन करून पुतण्याकडून खात्री करून घ्यायला सांगितलं आणि माफी मागितली.

“झालं ना. आता त्या मिस्त्रीले सांग,” त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मी मिस्त्रीला म्हटलं, “भाऊ, मालकांना तुमचं नाव मीच सांगितलं होतं.”

“मले पयलेच माहीत हाये ताई. ते पार्टिशन प्लायवूडचं हाये, सगळं ऐकू येते.” अवजारं पिशवीतून काढत तो बोलत होता. “पण शोधलं बी तुमीच. सोताची चूक कोण शोधते?”

मला रडूच फुटलं. अशा माणसाचे आभार तरी कसे मानायचे? तेव्हापासून मी एकाही जुन्या बिलाची नक्कल काढलेली नाही.

पुढल्या साली काकूंचा पहिला फोन आला तो ऑर्डरचाच. मी वही उघडली.

“या खेपेले जोडणी लिहिजो,” काकू म्हणाल्या, “अन् मिस्त्री तोच पाठवजो.”