भाऊजींचा चेंडू आणि पहिली दहा मिनिटं

वहिनींना भाऊजींचा राग कधीच आला नाही. राग यायला माणसात काहीतरी असावं लागतं, असं त्या म्हणत. या धाकट्या दिरानं कार्यशाळा घेणारी संस्था काढली, तेव्हापासून त्याच्याकडे त्या एखाद्या वाजणाऱ्या डब्याकडे पाहावं तशा पाहायच्या.

स्वतः वहिनी बारा वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, मग परिचारिकांना शिकवत होत्या. नवऱ्याला पक्षाघात झाला तसं सगळं सोडून त्या घरी बसल्या. तो गेल्यावर भाऊजींनीच त्यांना बोलावलं. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. कूस कशी बदलायची, जखमा कशा टाळायच्या, हे वहिनींनी शिकवायचं. आणि सुरुवात? ती भाऊजींची.

"अनोळखी माणसं असतात, वहिनी. आधी संकोचाचा बर्फ फोडायला हवा," भाऊजी फळ्यावर गोल काढत म्हणाले. "सगळे वर्तुळात उभे. मी चेंडू टाकणार. ज्याच्याकडे येईल त्यानं नाव सांगायचं, आपण कोणता प्राणी आहोत ते सांगायचं, आणि कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची!"

"प्राणी?"

"मजा येते हो!"

"भाऊजी, ही माणसं रात्रभर जागून येणार. त्यांना उभं कशाला करता? दारात नाव विचारा, मोठ्या अक्षरात छातीवर लावा, खुर्चीत बसवा. चहा कधी, संडास कुठे, सुटणार कधी ते सांगा. फोन चालू ठेवा म्हणा, घरून फोन येईल या धास्तीत कोण ऐकणार? मग दोघादोघांना एक सोपा प्रश्न द्या. ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे असेल आणि देताना कुणाची लाज जाणार नाही, असा. आधी आपण उत्तर द्यायचं. नको वाटेल त्यानं गप्प बसायचं."

"फारच कोरडं होतं ते," भाऊजी म्हणाले आणि चेंडू हवेत उडवून झेलू लागले. त्यातला एक झेल सुटला. वहिनींनी पुढे वाद घातला नाही. भिंतीशी बोलून घसा कशाला सुकवायचा?

त्या दिवशी वीसेक माणसं आली. भाऊजींनी त्यांना खुर्च्यांवरून उठवलं. पहिला चेंडू एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेला. त्याला तो झेलता आला नाही. चेंडू टेबलाखाली गेला आणि तो वाकून शोधू लागला. "टाळ्या!" भाऊजी ओरडले. कुणी वाजवल्या नाहीत. एक दुकानदार म्हणाला, "मी बैल," आणि स्वतःच ओशाळला.

मग चेंडू निळ्या साडीतल्या एका बाईंकडे गेला. त्यांनी तो पोटाशी धरला.

"कुणालाच माहीत नसलेलं सांगायचं ना?" त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाई एकदाच्या जाव्यात असं मला रोज वाटतं."

दुकानदारानं नजर खाली वळवली.

"वा! मनमोकळं! टाळ्या होऊन जाऊ द्या!" भाऊजी म्हणाले.

बाईंनी चेंडू खुर्चीवर ठेवला, पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. भाऊजींनी खुर्चीवरचा चेंडू उचलला.

"बसा सगळे," वहिनी पुढे होऊन म्हणाल्या. "उभं राहायची काही गरज नाही. शेजारच्याला नाव सांगा, आणि आज आपल्या जागी घरी कोणाला बसवून आलात ते सांगा. मी एकटी आहे, माझ्या घरी आता कोणी नाही. पण पूर्वी बाहेर पडायचं झालं की शेजारणीला बसवायचे. तिला बोलताना डुलक्या यायच्या. दोन मिनिटं बोला, मग पाळी बदला. सांगायचं नसेल तर नका सांगू."

कुणीतरी हसलं. मग कुजबूज सुरू झाली आणि शिंपी दुकानदाराकडे वळला. वहिनी तेवढ्यात जिन्याकडे धावल्या.

बाई खालच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मला वेडी समजले असतील सगळे."

"नवऱ्याच्या बाबतीत मीही तेच म्हटलंय, मनातल्या मनात. आणि त्याला भरवलंयही," वहिनी शेजारी टेकल्या. "चूक तुमची नाही. विचारणाऱ्याला कधी काय विचारावं, याची अक्कल नाही."

"त्या चेंडूवाल्यासमोर मी नाही बसणार."

"तो बसणार नाही. चहाचं बघेल."

बाई वर आल्या, अगदी मागच्या खुर्चीत बसल्या. दुपारपर्यंत त्या कूस बदलायचा सराव शिंप्याबरोबर करत होत्या. भाऊजी कपबश्या मांडत होते. ते काम मात्र त्यांना बरं जमत होतं.

पुढच्या प्रत्येक कार्यशाळेची पहिली दहा मिनिटं वहिनींनी ठरवली. संस्थेच्या जाहिरातीत मात्र छापून आलं, "सुरुवातीचा खास संवाद: संकल्पना संचालकांची." वहिनींनी ते वाचलं, कागदाची घडी घातली, आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं.