स्कोअर पाहायची भीती

अयोध्या नगरात फ्लॅट घ्यायचा ठरला, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "आधी तुमचा क्रेडिट स्कोअर बघू या."

"नको, बघितला की कमी होतो," ते म्हणाले. मग व्याजदर कळावा म्हणून एकाच आठवड्यात तीन-चार बँकांत कर्जाचे अर्ज करून आले.

शेवटच्या बँकेतल्या अधिकारी बाईंनी स्कोअर थोडा उतरल्याचं सांगितलं. "अर्ज केला की बँक चौकशी करते आणि ती इतर बँकांना दिसते. लागोपाठ चौकश्या झाल्या की स्कोअर उतरू शकतो. आपला आपण पाहिला तर काहीच फरक पडत नाही, कारण त्यात कर्ज मागितलेलं नसतं."

कर्ज तिथेच मंजूर झालं. घरी येताना रिक्षातच त्यांनी मोबाइलवर आपला स्कोअर पहिल्यांदा पाहिला.