दारापासून सुरुवात

घरं विकणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात त्याला सगळे ‘आलिशान’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव बरं होतं. पण घरांच्या व्हिडिओंसाठी निवेदन लिहिताना हा शब्द त्याच्या हातून असा काही सुटे, की एकदा त्याने कोळशाच्या खोलीलाही ‘आलिशान साठवण-दालन’ करून टाकलं होतं. खुर्चीतून उठून घर बघायला जाणं त्याला कमीपणाचं वाटे. नकाशा बघायचा आणि खोल्यांना मानाप्रमाणे रांगेत बसवायचं: आधी मोठी बेडरूम, मग हॉल, मग स्वयंपाकघर. बाथरूम आपलं शेवटी, लग्नातल्या दूरच्या नातेवाइकासारखं.

आजवर हे खपून गेलं, कारण व्हिडिओ तुकडे जोडून होत. पण तुकडे जोडले की लोकांना मधे काहीतरी लपवल्याचा संशय येतो, म्हणून ऑफिसच्या मॅडमनी हुकूम काढला: कॅमेरा दारातून आत शिरेल आणि न थांबता सगळं घर फिरेल. आवाज नंतर चढवायचा.

या नव्या पद्धतीचं पहिलं घर निघालं त्याच्या सख्ख्या ताईचं.

ताईचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गुडघे तर केव्हाच संपावर गेलेले. मैत्रिणीच्या शेजारी तळमजल्यावरची जागा तिने पसंत केली होती. तिकडचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. तोवर हे घर विकलं गेलं नाही, तर ताई होती तिथेच अडकणार.

व्हिडिओ झळकला. लोक आले नाहीत. फोन मात्र आले. एकाने विचारलं, “ते कमोड हॉलमध्येच आहे का हो?”

ताईने भावाला बोलावून व्हिडिओ दाखवला. पडद्यावर कॅमेरा दारातून आत येत होता आणि आलिशानचा आवाज म्हणत होता, “हा प्रशस्त, प्रकाशमान शयनकक्ष!” दिसत होतं चपलांचं कपाट. मग कॅमेरा बाथरूमपाशी आला आणि आवाज गहिवरला, “इथे सारं कुटुंब एकत्र बसेल.”

ताई पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “अरे, माझ्या घराला दारच नाही का रे? थेट बेडरूममध्ये उतरायचं, विमानातून?”

“ताई, पुन्हा शूट करायला सांगतो.”

“चित्र कशाला बदलतोस? ते बिचारं सरळ चाललंय. भरकटलायस तू. ऊठ, चाल.”

मोबाइलवर तोच व्हिडिओ लावून आलिशान बाहेर जाऊन दारात उभा राहिला. कॅमेरा जिथे, तिथे तो. तो जिथे, तेवढंच बोलायचं. हॉलमध्ये जमलं. पण पॅसेजमध्ये कॅमेरा भरभर जात होता आणि आलिशानचं वाक्य दरवाजातच अडकलं होतं.

“छोटं कर,” ताई खुर्चीतून ओरडली.

“मग इथे काय बोलू?”

“काही नको बोलूस. चालू दे की बघणाऱ्यांना! तू गप्प बसलास तर भिंती पडणार नाहीत.”

त्याने तीन विशेषणं गाळली. दाढ काढल्यासारखा चेहरा झाला. मग त्याने लिहिलं, “डावीकडे बाथरूम.”

“उजवीकडे,” ताई म्हणाली. “तू माझ्याकडे तोंड करून लिहितोयस. बघणारा दाराकडून येतोय.”

तो पाठ फिरवून उभा राहिला, आणि खरंच, बाथरूम उजवीकडे गेलं. पुढे छोटी खोली, मग मोठी बेडरूम. तिथल्या उजेडाचं कौतुक त्याने आधी दारातच उधळलं होतं. आता अंधाऱ्या पॅसेजमधून येताना तो उजेड न सांगताच अंगावर आला. बेडरूममधून बाल्कनी, आणि बाल्कनीच्या टोकाला एक दार. ते त्याने ढकललं. समोर स्वयंपाकघर! आणि स्वयंपाकघराच्या पलीकडे पुन्हा हॉल, हॉलमध्ये ताई.

“ताई! हे घर गोल आहे!”

“आयुष्यभर इथे जेवायला येतोयस, आज कळलं?”

नव्या निवेदनात फार काही नव्हतं. दार, हॉल, पॅसेजमध्ये शांतता, उजवीकडे बाथरूम, आणि शेवटी, “इथून स्वयंपाकघरातून पुन्हा हॉलमध्ये.” मॅडमनी ऐकलं आणि विचारलं, “तुम्हाला बरं नाहीये का?”

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. आलिशान घर दाखवायला पुढे झाला, पण बायको त्याच्याही पुढे. “चपला इथे. आता पॅसेज. उजवीकडे बाथरूम,” असं नवऱ्याला सांगत ती निघाली, जशी माहेरीच आलीय. आलिशान मागून निमूट. बाल्कनीच्या टोकाशी ती थबकली, दार ढकललं, आणि स्वयंपाकघरातून तिचा आनंदी आवाज आला, “अहो, खरंच निघतं हॉलमध्ये!”

दोघं ताईसमोर येऊन उभी राहिली. नवरा म्हणाला, “काकू, आम्हाला घर पसंत आहे. उद्याच कागदपत्रांचं बोलू.”

ताई खुर्चीचे हात धरून उठली. गुडघे कुरकुरले, पण तिचं लक्ष नव्हतं. भावाकडे बघितलं, तर तो ओठ गच्च मिटून, लाल होऊन उभा.

“म्हण रे बाबा,” ती हसत म्हणाली, “एकदाच म्हण. नाहीतर फुटशील.”

“आलिशान!” तो ओरडला.